दिव्याखालची पाटी

‘तेलाचा दिवा. भाजलेली माती. रोमन, इ.स. पहिले शतक.’ युरोपातल्या कुठल्याही जुन्या संग्रहालयात अशी पाटी हमखास दिसते. तिच्यावर तळहाताएवढा, विटकरी रंगाचा, एका बाजूला चोच असलेला दिवा ठेवलेला असतो. पाहणारा क्षणभर थांबतो आणि शेजारच्या सोन्याच्या कर्णफुलांकडे वळतो. त्याला थांबवायचे तर पाटीवर आणखी चार ओळी हव्यात: दिवा कशाचा आणि कसा घडवला, तो कसा पेटत असे, आणि तो कुणाच्या घरात असेल. अशा पाटीला जागा असते जेमतेम ५० ते ७५ शब्दांची. तेवढ्यात तीन प्रश्नांची उत्तरे बसवायची असतात, आणि या तिन्हींचे पुरावे तीन निरनिराळ्या ठिकाणी असतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिव्याच्या अंगावरच असते. दुसऱ्याचे बरेचसे त्याच्या चोचीवर. तिसऱ्याचे मात्र दिव्यात कुठेच नसते. ते असते जमिनीत, दिवा जिथे सापडला त्या जागी. बहुतेक पाट्या फसतात त्या या तिसऱ्या ओळीत. ही ओळ लिहिण्याचा मोह मोठा असतो, कारण ‘हा एका गरीब कुटुंबाचा दिवा होता’ हे वाक्य वाचणाऱ्याला लगेच भावते.

उदाहरणासाठी एकाच जातीचा दिवा घेऊ. अभ्यासक त्याला ‘कारखानी दिवा’ म्हणतात. इ.स. ७०च्या दशकात हे दिवे उत्तर इटलीत, आजच्या मोदेना शहराच्या परिसरात बनू लागले आणि पुढची शे-दीडशे वर्षे साम्राज्याच्या पश्चिम भागात जवळजवळ सगळीकडे पोचले. लांबी साधारण दहा सेंटिमीटर. खोलगट पोट, वर गोल तबकडी, तिच्याभोवती उभी कड आणि खांद्यावर दोन किंवा तीन बारीक उंचवटे. नक्षी जवळजवळ नाहीच. फार तर तबकडीवर नाटकातला एखादा मुखवटा. दिवा उलटा केला की बुडाशी वर्तुळात ठसठशीत अक्षरांत एक नाव उठलेले दिसते: फोर्टिस, स्ट्रोबिलस, कम्युनिस, युकार्पस. ही कारखानदारांची नावे. यांपैकी फोर्टिस सर्वांत जास्त चालला. २००८ साली मोदेनात प्राचीन शहराच्या वेशीबाहेर उत्खनन झाले, तेव्हा कुंभारांनी फेकून दिलेल्या सदोष मालाचा ढीगच सापडला, आणि त्यात फोर्टिस, स्ट्रोबिलस, युकार्पस ही नावे एकत्र मिळाली. एकमेकांचे हे स्पर्धक एकाच उकिरड्यावर माल टाकत होते.

हा दिवा चाकावर घडत नसे. आधी एक भरीव नमुना कोरत. त्याच्या वरच्या आणि खालच्या अर्ध्या भागाचे दोन साचे काढत, कधी भाजलेल्या मातीचे तर कधी प्लास्टरचे. दोन्ही साच्यांत ओली माती बोटांनी दाबून बसवायची, साचे एकमेकांवर बसवायचे आणि माती थोडी आवळून साच्यापासून सुटली की दिवा बाहेर काढायचा. मग जोडावरची शीर चाकूने खरवडायची, तबकडीत तेल ओतायचे भोक पाडायचे आणि चोचीत वातीचे. त्यानंतर पाण्यात कालवलेल्या बारीक मातीच्या पातळ लेपात दिवा बुडवून काढायचा. लेपाने पृष्ठभाग गुळगुळीत होतो, रंग येतो आणि तेल झिरपणेही थोडे कमी होते. शेवटी भट्टी.

दिवा हातात धरला तर यातली प्रत्येक पायरी वाचता येते. दोन अर्धुकांचा जोड कडेने बारीक रेघेसारखा दिसतो. तेलाच्या भोकातून आत पाहिले तर माती दाबणाऱ्या बोटांचे ठसे दिसतात. आतून साफसफाई करायला हात पोचतच नसे. साचा प्लास्टरचा असेल तर दिव्याच्या अंगावर मोहरीपेक्षाही लहान पुळ्या उठलेल्या असतात, कारण प्लास्टर ओतताना त्यात हवेचे बुडबुडे अडकतात आणि त्या खळग्यांत माती शिरते.

साच्याच्या याच पद्धतीने नकलेला वाट करून दिली. फोर्टिसचा तयार दिवा विकत आणायचा, त्याच्यावरूनच नवा साचा काढायचा आणि आपल्या गावच्या मातीत दिवे पाडायचे. बुडावरचे नावही आपोआप उतरते. गॉल, ब्रिटन आणि डॅन्यूबकाठच्या प्रांतांतल्या कुंभारांनी हेच केले. पण माती वाळताना आणि भाजताना आकसते, आणि हे आकसणे साधारण दहाव्या हिश्शाइतके असते. मूळ दिवा ११ सेंटिमीटरचा असेल तर त्याच्यावरून केलेली पहिली नक्कल १० सेंटिमीटरच्या आत येते, आणि नकलेवरून केलेली नक्कल नऊच्या आसपास. शिवाय प्रत्येक खेपेला अक्षरे बोथट होत जातात. म्हणूनच बुडाशी ‘फोर्टिस’ वाचून ‘मोदेनाचा दिवा’ अशी पाटी लिहून चालत नाही. दिव्याची लांबी मोजावी लागते, अक्षरांची धार पाहावी लागते, मातीचा कस तपासावा लागतो. नाव फोर्टिसचे आणि दिवा राइनकाठचा, असे कितीतरी वेळा निघते.

आता त्याच्या कामाकडे येऊ. आपली पणती उघडी असते. तेल डोळ्यांना दिसते आणि ती उचलून जिन्याने वर न्यायची म्हटले की काठावरून ओघळते. रोमन दिवा बंद पोटाचा. तेल आत, वर झाकणासारखी तबकडी, आणि तबकडी खोलगट असल्यामुळे ओतताना सांडलेले तेल भोकातून पुन्हा आतच जाते. अंधारात घरभर हातात घेऊन फिरण्यासाठी ही घडण सोयीची. कारखानी दिव्यांच्या पुढच्या पिढीत तबकडीपासून चोचीपर्यंत एक उघडी पन्हळ येते, म्हणजे वातीजवळ पाझरलेले तेलही मागे परत येते. त्या पन्हळीत टाचणीच्या डोक्याएवढे आणखी एक छिद्र असते. ते हवा आत जाण्यासाठी असावे असे काही अभ्यासक मानतात, तर काहींच्या मते वात पुढे सारायची काडी तिथे खोचून ठेवत.

वात बहुधा जवसाच्या धाग्यांची. थोरल्या प्लिनीने एका रानवनस्पतीच्या जाड पानांच्या वातीही नोंदवल्या आहेत. तेल कोणते, हे मुलुखावर ठरे. भूमध्य समुद्राभोवती ऑलिव्हचे तेल, इजिप्तमध्ये एरंडेल. उत्तरेकडे ऑलिव्ह उगवतच नाही. तिथे तेल स्पेनमधून मोठमोठ्या रांजणांत भरून येई आणि महाग पडे. त्यामुळे ब्रिटनमध्ये बंद दिवे मुख्यतः लष्करी ठाण्यांत आणि शहरांत सापडतात. खेड्यांत लोक चरबीवर आणि चुलीच्या उजेडावर भागवत.

उजेड किती पडे? एका चोचीचा, मेणबत्तीच्या आसपास. दिव्याच्या पोटात दोन-तीन मोठे चमचे तेल मावते आणि तेवढ्यावर तो काही तास जळतो; वात जितकी जाड आणि जितकी बाहेर ओढलेली तितके तेल लवकर संपते आणि काजळीही जास्त धरते. या तेलाची किंमत कळायला एक जुना आकडा उपयोगी पडतो. थोरला केटो शेतीवरच्या आपल्या ग्रंथात गुलामांचा शिधा ठरवून देतो: माणशी महिन्याला एक सेक्स्टारिउस तेल, म्हणजे सुमारे ५४० मिलिलिटर. हिशेबासाठी दिवा तासाला दहा मिलिलिटर तेल पितो असे धरू. मग एका माणसाचे महिन्याचे सगळे तेल, घासभरही न खाता, दिव्यातच घातले तरी रोज दोन तास पुरत नाही. दिवा स्वस्त आणि तेल महाग, हे या व्यवहाराचे खरे गणित होते. उत्तर आफ्रिकेत सापडलेल्या एका दिव्यावर तर विक्रेत्याची हाकच कोरलेली आहे: एक आस द्या, दिवे न्या. आस म्हणजे तांब्याचे हलके नाणे. पाँपेईतल्या एका गुत्त्याच्या भिंतीवरच्या दरपत्रकानुसार एका आसला साध्या वाइनचा एक पेला मिळे. तेलाचा एवढा खर्च असूनही जुने रोमन लोक दिवा फुंकून विझवत नसत, आपोआप शांत होऊ देत. असे का, याची पाच-सहा कारणे प्लुटार्कने एका प्रश्नाच्या उत्तरात देऊन ठेवली आहेत. त्यावरून एवढे कळते की त्याच्या काळीही खरे कारण कुणाला ठाऊक नव्हते.

दिवा वापरलेला आहे की नाही, हे चोचीच्या टोकाला पाहून कळते. वातीच्या भोकाभोवती काळा डाग असतो आणि तो लेपाच्या आतपर्यंत मुरलेला असतो. तो नसेल तर दिवा बहुधा पेटलाच नाही. थडग्यांत मृताबरोबर ठेवलेले कित्येक दिवे असे कोरे असतात. तेलाचा अंश मातीच्या छिद्रांत अडकून राहतो आणि रासायनिक तपासणीत ते तेल वनस्पतीचे की प्राण्याच्या चरबीचे हे ओळखता येते. पण ही साक्ष नाजूक आहे. एखाद्या उत्साही संग्राहकाने दिवा साबणाच्या पाण्याने घासून लखलखीत केला, किंवा हौसेने एकदा पेटवून पाहिला, तर तिचा भरवसा उरत नाही.

आणि आता तिसरी ओळ: घर कुणाचे?

१८८१ साली पाँपेईतल्या एका घरात लाकडी खोक्याचे अवशेष सापडले. खोक्यात दक्षिण गॉलमधले तांबडे चकचकीत नक्षीदार वाडगे होते, सुमारे नव्वद. त्यांच्याबरोबर उत्तर इटलीतले तीसएक कारखानी दिवे. माल एकात एक रचून बांधलेला, जसा आला तसा. वाडग्यांत कुणी जेवले नव्हते, दिव्यांत कुणी तेल घातले नव्हते. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअस फुटला तेव्हा हे खोके नुकतेच येऊन पडलेले असावे.

अभ्यासकांच्या दृष्टीने हे खोके म्हणजे पर्वणी. एक तर, कारखानी दिवे ७९ पूर्वी बनू लागले होते हे त्याने पक्के झाले. पाँपेईत या जातीचे दिवे एरवी फारच थोडे मिळतात; म्हणजे शहर गाडले गेले तेव्हा हा माल बाजारात नवाच होता. दुसरे म्हणजे, गॉलची भांडी आणि उत्तर इटलीचे दिवे एकाच खोक्यात भरलेले आहेत, त्या अर्थी ते वाटेत कुठेतरी एका व्यापाऱ्याच्या हाताखाली एकत्र आले. पण घराचे काय? ते ज्या घरात सापडले त्याच्या मालकाने दुकानासाठी मागवले, की घरच्या वापरासाठी, की दुसऱ्या कुणाचे ते तिथे ठेवायला दिले होते, हे खोके सांगत नाही. पाँपेईत सापडलेला, तारीख ठाऊक असलेला, उत्तम स्थितीतला दिवा; आणि तरी तो कुणाच्याही घरात कधी उजळला नाही.

दुसरे ठिकाण आल्प्सच्या उत्तरेला. आजच्या स्वित्झर्लंडमधल्या विंडिश गावी विंडोनिसा नावाचा रोमन सैन्याचा तळ होता, साधारण इ.स. १४ ते १०१ या काळात. तळाच्या उत्तर उतारावर सैनिक वर्षानुवर्षे कचरा टाकत राहिले आणि त्याचा एक मोठा ढिगारा झाला. ओलसर जमिनीमुळे त्यात चामडे आणि लाकूडसुद्धा टिकले. दिवे तर शेकड्यांनी निघाले. त्यांच्यावरूनच जर्मन पुरातत्त्वज्ञ सिगफ्रीड ल्योश्के यांनी १९१९ मध्ये रोमन दिव्यांचे वर्गीकरण मांडले आणि आजही जगभरचे अभ्यासक दिव्याची जात सांगताना त्यांचाच क्रमांक देतात. सैन्य इथून १०१च्या सुमारास हलले, म्हणून ढिगाऱ्यातल्या दिव्यांना तेवढी शेवटची मर्यादा मिळते. पाँपेईचे ७९ आणि विंडोनिसाचे १०१, या दोन खुंट्यांच्या आधाराने या दिव्यांचा आरंभीचा काळ बसवता येतो.

विंडोनिसाचा दिवा काजळलेला, चोच टवका उडालेली, मूठ तुटलेली. हे खरे वापरलेले दिवे. पण त्यांच्यामागे कुटुंब नाही. रोमन सैन्यात आठ शिपायांची एक तुकडी दोन खोल्यांत राहत असे: पुढच्या खोलीत शस्त्रे आणि सामान, मागच्या खोलीत झोपणे. अशाच एखाद्या खोलीत हा दिवा हिवाळ्यात दुपारी चारनंतर पेटला असणार. स्पेनहून ओढत आणलेले तेल सैन्याच्या पुरवठ्यातून येत होते, म्हणूनच इथे इतके दिवे दिसतात. सैन्य गेले आणि तेलाचा ओघ आटला की उत्तरेकडच्या कित्येक ठिकाणी दिव्यांची संख्याही घटलेली दिसते.

तिसरी शक्यता सर्वांत सामान्य. दिवा एकोणिसाव्या शतकात कुणा प्रवाशाने नेपल्स किंवा रोमच्या बाजारात विकत घेतला, त्याच्या वारसांनी संग्रहालयाला दिला. कुठल्या जमिनीतून निघाला हे विकणाऱ्याने सांगितले नाही, घेणाऱ्याने विचारले नाही. अशा दिव्याच्या पाटीवरच ‘साधे कुटुंब’ हटकून अवतरते. तर्क असा की माती म्हणजे गरिबी आणि पितळ-कासे म्हणजे श्रीमंती. पण पाँपेई आणि हर्क्युलेनियमच्या मोठमोठ्या घरांत कास्याच्या उंच दीपस्तंभांबरोबर एक आसचे मातीचे दिवेही होते. स्वयंपाकघरात, गुलामांच्या खोल्यांत, देवघराच्या कोनाड्यात तेच लागत. श्रीमंताच्या घरी दिवे जास्त असत, आणि त्यांतले बरेचसे मातीचेच. दिव्याच्या मातीवरून मालकाची ऐपत ठरवता येत नाही. ती ठरवायची तर त्याच खोलीत आणखी काय सापडले हे लागते.

तेव्हा एकाच जातीच्या तीन दिव्यांसाठी पाटीचा पूर्वार्ध सारखाच ठेवता येईल. तो असा: ‘मातीचा दिवा. दोन साच्यांत दाबून घडवलेला, वर पातळ मातीचा लेप. वरच्या भोकातून तेल ओतत आणि पुढच्या चोचीत वात असे. बुडाशी फोर्टिस या उत्तर इटलीतल्या कारखानदाराचे नाव आहे. त्याच्या दिव्यांच्या नकला अनेक प्रांतांत होत. उजेड एका मेणबत्तीइतका.’ उत्तरार्ध मात्र जागेप्रमाणे बदलेल. पाँपेईच्या खोक्यातल्या दिव्यासाठी: ‘हा दिवा कधीच पेटला नाही. इ.स. ७९ च्या उद्रेकात तो न उघडलेल्या खोक्यात गाडला गेला.’ विंडोनिसाच्या दिव्यासाठी: ‘सैन्यतळाच्या कचऱ्यात सापडला. आठ शिपायांच्या एखाद्या खोलीत वापरला गेला असावा. चोचीवरची काजळी पाहा.’ आणि बाजारातून आलेल्या दिव्यासाठी: ‘सापडल्याचे ठिकाण नोंदलेले नाही. असे दिवे श्रीमंत आणि गरीब दोघांच्या घरांत, दुकानांत, छावण्यांत आणि थडग्यांत असत.’ तिसरी पाटी रुक्ष वाटेल, पण तिन्हींत तीच सर्वांत जास्त वेळा लिहावी लागते आणि सर्वांत कमी वेळा लिहिली जाते.

मराठी वाचकाला पाँपेई फार दूरची वाटायला नको. १९३८ साली त्या शहरात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती भोकरदन आणि तेर इथे मिळाल्या आहेत. तेर म्हणजे ग्रीक दर्यावर्दी ज्याला तगर म्हणत ते व्यापारी शहर. तिथल्या संग्रहालयाचा पाया रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या परिसरातून वर्षानुवर्षे गोळा केलेल्या वस्तूंनी घातला. त्या संग्रहामुळे तेर जगाला कळले. पण नांगराच्या फाळाने वर आलेली किंवा पावसाने उघडी पडलेली वस्तू कोणत्या थरातली, तिच्या शेजारी काय होते, हे मागाहून शोधता येत नाही.

म्हणून एवढीच विनंती. शेतात, विहिरीच्या खोदकामात किंवा पांढरीच्या मातीत एखादा जुना दिवा मिळाला तर तो धुऊ नये, घासू नये, पेटवून पाहू नये. जागेवर असतानाच त्याचा फोटो काढावा, गट क्रमांक आणि किती खोलीवर मिळाला हे लिहून ठेवावे आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवावे. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे मौल्यवान वस्तू सापडल्यास तसे कळवणे बंधनकारकही आहे. पाटीची तिसरी ओळ संग्रहालयात कुणी कितीही हुशार असला तरी नंतर लिहू शकत नाही. ती त्या दिवशी, त्या खड्ड्याशी उभ्या असलेल्या माणसानेच लिहायची असते.